यंत्राचा अहवाल आणि पहाटेची झोप

"झोपेत श्वास अडतो म्हणून चार महिने सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र, लावतो आहे. दिवसाची पेंग गेली, पण नावे आठवत नाहीत आणि चिडचिड तशीच आहे. उपचार लागू पडत नाही का?"

यंत्रावर दर तासाला श्वास अडण्याचे प्रमाण ३ दिसत असले, तरी ती मोजणी मास्क लावलेल्या वेळेपुरतीच असते. रात्री ११ ला लावलेला मास्क ३ वाजता झोपेतच काढून टाकणाऱ्याचे चार तास भरतात आणि अहवालही उत्तम येतो. परंतु स्वप्नांची, म्हणजे रेम झोप मुख्यतः पहाटे येते, घशाचे स्नायू तेव्हाच अधिक सैलावतात आणि प्राणवायूची पातळीही बहुधा तेव्हाच सर्वाधिक घसरते. म्हणून सरासरी तासांपेक्षा मास्क रोज किती वाजता निघतो ते पाहावे, आणि हवेची गळती किंवा चोंदलेले नाक हे कारण असल्यास त्याचा आधी बंदोबस्त करावा.

रात्रभर वापर झाला तरी सारे सारख्याच प्रमाणात परत येत नाही. अमेरिकेतील ॲपल्स चाचणीत (२०१२) सुमारे १,१०० रुग्णांना खरे किंवा बनावट सीपॅप सहा महिने दिले. पेंग खऱ्या यंत्राने कमी झाली, पण लक्ष आणि स्मरणशक्तीच्या मुख्य चाचण्यांत सहा महिन्यांनी ठळक फरक दिसला नाही. अर्थात, ज्यांचे गुण मुळात फारसे घसरलेलेच नाहीत, त्यांच्यात सुधारणा मोजणेही अवघडच, असे माझे मत आहे. चिडचिडीचे मात्र वेगळे: पूर्ण वापरानंतरही ती टिकली, तर नैराश्य आणि थायरॉइड यांची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी.