रनवे एकोणीस महिन्यांचा नव्हता, बारा महिन्यांचा होता

दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत मी माझ्या अकरा गुंतवणूकदारांना एक मेल पाठवते. आकडे, अडचणी आणि त्यांच्याकडून काय हवंय ते, एवढंच त्यात असतं. गेली चार वर्षं हे चालू आहे. मधले दोन महिने मात्र मेल गेला नव्हता. आज त्या दोन महिन्यांबद्दलच लिहायचंय, कारण माझ्या ओळखीतले बरेच नवे फाउंडर तीच चूक करताना दिसतात.

आमचं सॉफ्टवेअर गोदामातला साठा सांभाळतं आणि ग्राहक त्याचे दर महिन्याला पैसे देतात. त्या महिन्यात आमचा सगळ्यात मोठा ग्राहक सोडून गेला. महिन्याच्या सहा लाखांतले एक लाख वीस हजार त्याचे होते, म्हणजे पाचवा हिस्सा. मी मेल लिहायला बसले आणि पहिलं वाक्य लिहिलं, ‘या महिन्यात सात नवे ग्राहक जोडले गेले.’ ते खरं होतं. त्याच्या खाली दुसरं वाक्य काही लिहवेना. म्हटलं, पुढच्या महिन्यात थोडी चांगली बातमी आली की दोन्ही एकत्र सांगू. पुढचा महिनाही तसाच गेला.

तिसऱ्या महिन्यात एका ज्येष्ठ गुंतवणूकदारांचा फोन आला. ते म्हणाले, ‘तुमचा मेल आला नाही तेव्हाच मी समजलो, काहीतरी बिघडलंय. पण काय बिघडलंय ते सांगितलं असतंत, तर मी काही करू शकलो असतो. त्या कंपनीचे संचालक माझे पंधरा वर्षांचे स्नेही आहेत.’ तोवर त्या ग्राहकाने दुसरीकडे करार केला होता.

त्यानंतर मेलच्या अगदी वर उत्पन्नाची एकच ओळ असते आणि ती दर महिन्याला त्याच क्रमाने असते. त्या महिन्याची ती ओळ अशी झाली असती: सुरुवातीला ६.०० लाख, नव्या ग्राहकांचे अधिक ०.७०, जुन्यांनी वाढवलेले अधिक ०.१०, सोडून गेलेल्यांचे उणे १.२०, शेवटी ५.६०. ‘सात नवे ग्राहक’ हे वाक्य या ओळीत लपून बसू शकत नाही. महिन्याचं उत्पन्न चाळीस हजारांनी घटलं, हे वाचणाऱ्याला लगेच दिसतं. उत्पन्नात काय धरायचं याची व्याख्या मधेच बदलायचीही नाही. कधी बदलावीच लागली, तर त्या महिन्यात जुना आणि नवा असे दोन्ही आकडे द्यायचे. नाहीतर आलेख वर का गेला हे कुणालाच कळत नाही, आणि कळलं की विश्वास जातो.

आता रनवेबद्दल, म्हणजे बँकेतले पैसे किती महिने पुरतील याबद्दल. सगळ्यात जास्त फसगत इथे होते, आणि फाउंडर आधी स्वतःच फसतो. त्या महिन्याअखेर आमच्याकडे बँकेत ९६ लाख होते. खर्च १४ लाख झाला होता आणि जमा ९ लाख. म्हणजे पाच लाखांची तूट. शहाण्णव भागिले पाच, एकोणीस महिन्यांचा रनवे. शीटमध्ये तो आकडा पाहून मला खरंच हायसं वाटलं होतं.

पण जमा झालेल्या नऊ लाखांतले तीन लाख एका ग्राहकाने वर्षभराचे आगाऊ भरले होते. ते पैसे बँकेत होते हे खरं, पण पुढचे अकरा महिने त्या ग्राहकाकडून काहीच येणार नव्हतं. शिवाय वर्षभर सेवा द्यायची जबाबदारी आमच्यावर होतीच. तो एकदाचा भरणा बाजूला काढला की महिन्याची खरी तूट आठ लाख. शहाण्णव भागिले आठ, बारा महिने.

एकोणीस आणि बारा यांत नुसता सात महिन्यांचा फरक नाही, निर्णयाचाच फरक आहे. नवी गुंतवणूक उभी करायला, पहिल्या भेटीपासून पैसे खात्यात येईपर्यंत, सहा महिने सहज जातात. रनवे एकोणीस महिन्यांचा असेल तर आधी दोन माणसं घ्यावीत असं वाटतं. बारा महिन्यांचा असेल तर भरती थांबवून तयारीलाच लागायला हवं. म्हणून मी आता महिनाअखेरची बँकेतली शिल्लक, एकरकमी भरणे वगळून गेल्या तीन महिन्यांची सरासरी तूट आणि त्यावरून निघणारे महिने, असे तिन्ही आकडे शेजारीशेजारी देते. आगाऊ रक्कम आली असेल तर तिची वेगळी ओळ. त्या रकमेचा बारावा हिस्सा, तीन लाखांचे पंचवीस हजार, एवढाच मासिक उत्पन्नात धरते.

अडचण लिहिताना ‘बाजार मंद आहे’ असं लिहिलं की वाचणारा पुढे सरकतो. आमचा ग्राहक का गेला, हे आम्ही नोंदी उघडून पाहिलं तेव्हा कळलं. आमचं सॉफ्टवेअर रोज वापरणारा त्यांचा गोदाम व्यवस्थापक नोकरी सोडून गेला होता. आठवड्याला चाळीसच्या आसपास असणारी लॉगिन सहा आठवड्यांत तीनवर आली होती. ते आमच्याकडे कुणीही पाहत नव्हतं. ग्राहक गेल्याचं पत्र आलं तेव्हा तो मनाने कधीच गेला होता. मेलमध्ये हेच लिहायला हवं होतं: काय झालं, आम्हाला कळलेलं कारण, आता दर सोमवारी कोण लॉगिन तपासणार आणि उपाय लागू पडतोय की नाही हे कोणत्या तारखेला सांगणार. एवढं चार-पाच ओळींत मावतं.

एक गोष्ट मात्र मेलने कळवायची नाही. सहसंस्थापक सोडून जातोय किंवा पुढच्या महिन्याचे पगार होतील की नाही याची शंका आहे, अशी बातमी आधी फोनवर द्यावी, निदान मोठ्या गुंतवणूकदारांना तरी. मग मेल. तसंच हे मेल पुढे पाठवले जातात, हे धरूनच लिहावं. ग्राहकाचं नाव त्याच्या परवानगीशिवाय मी घालत नाही, आणि कुणाचा पगार तर नाहीच.

राहिली मदतीची मागणी. पूर्वी मी शेवटी लिहायचे, ‘योग्य ओळखी असतील तर कृपया करून द्या.’ दोन वर्षांत त्यातून एकही ओळख झाली नाही. लोकांना मदत करायची नसते असं नाही. कुणाची ओळख हवी हे त्यांनी आठवायचं, का हवी ते त्यांनीच शोधायचं आणि मेलही त्यांनीच लिहायचा, एवढं काम मी त्यांच्यावर टाकत होते. आता मी लिहिते, ‘औषधांचं वितरण करणाऱ्या, तीन ते दहा गोदामं असलेल्या कंपनीच्या पुरवठा प्रमुखांशी बोलायचंय. मुदत संपत आलेला माल आधी बाहेर काढण्याची आमची सोय त्यांच्या उपयोगाची आहे, त्यावर वीस मिनिटं त्यांचं मत हवंय.’ त्याखाली जशीच्या तशी पुढे पाठवता येईल अशी पाच ओळींची ओळख जोडते. समोरच्याला आधी विचारून, हो म्हणाला तरच जोडून द्या, असंही लिहिते. महिन्याला अशा दोन मागण्या, फार तर तीन.

आणि पुढच्या मेलमध्ये मागच्या मागण्यांचं काय झालं ते नावानिशी. कुणी ओळख करून दिली, भेट झाली का, पुढे काय. गेल्या महिन्यात तीन मागण्या होत्या. औषध वितरणातल्या दोन भेटी झाल्या, त्यातल्या एका कंपनीने एका गोदामात चाचणी सुरू केली. विक्री प्रमुखाच्या जागेसाठी मात्र कुणीच नाव सुचवलं नाही. मी पुन्हा वाचून पाहिलं, तर त्या मागणीत अनुभव किती हवा आणि पहिल्या सहा महिन्यांत त्या माणसाने काय करायचं हे लिहिलंच नव्हतं. ती मागणी या पाच तारखेला नव्याने लिहून पाठवते आहे.