न पाखडलेले आकडे कसे विकावेत

आपण रोज सकाळी कुठल्या तरी सरकारी संकेतस्थळावरून बाजारभावाचे आकडे खेचून आणता आणि सात वाजायच्या आत ते लोकांच्या मोबाईलवर पोहोचवता, ही सेवा लहान नाही. ती अधिक निर्विघ्नपणे चालावी म्हणून काही सूचना येथे देत आहे. त्या सर्व अनुभवाने सिद्ध झालेल्या आहेत. अनुभव माझ्या काकांचा आहे आणि त्याची किंमत सुमारे अकरा हजार रुपये आहे.

पहिली सूचना अशी की, किती ओळी आल्या हे कधीही मोजू नये. मोजणे हे संशयी माणसाचे लक्षण आहे. गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी आमच्या भागातल्या एका भावफलकाने हे तत्त्व कसे पाळले, ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. हा फलक सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बाजारांचे भाव दाखवतो: अथणी, बैलहोंगल, बेळगाव, गडहिंग्लज, गोकाक, निपाणी, संकेश्वर. आमच्याकडे बुधवार आणि शनिवारचा बाजार मोठा. त्याआधीच्या चार शनिवारी या फलकावर अनुक्रमे ३३८, ३५१, ३२९ आणि ३४२ ओळी होत्या. त्या शनिवारी होत्या १००. नव्याण्णव नव्हेत, एकशे एक नव्हेत, बरोबर शंभर. आकडे हाताळणाऱ्या माणसाला एवढा गोल आकडा पाहून घाम फुटायला हवा, कारण बाजार कधी गोल आकड्यात भरत नाही. पण मूळ ठिकाणाहून माहिती शंभर-शंभर ओळींच्या पानांत मिळते, आणि पहिल्या पानानंतर गाडी थांबली की नेमका हाच आकडा हाती येतो.

गाडी का थांबली, हे मला नंतर कळले. आकडे खेचून आणणारा संगणकाचा कार्यक्रम लिहिणाऱ्या गृहस्थांनी पुढील चार ओळी मोठ्या विश्वासाने लिहिल्या होत्या:

```python
try:
    page = get(n)
except Exception:
    break
```

दुसरे पान मागताना समोरचे यंत्र वेळेत उत्तर देऊ शकले नाही, एवढीच मूळ अडचण. या ओळींनी ‘पान मिळाले नाही’ आणि ‘पाने संपली’ या दोन गोष्टी एकच मानल्या, पाने मागण्याचा वळसा तेथेच थांबवला, कुठेही चूक नोंदवली नाही, आणि कार्यक्रम यशस्वीपणे संपल्याचे कळवले. आपणही चुका अशाच गिळाव्यात. फलकावर हिरवी खूण उमटते, मालक खूश राहतात.

आता ही शंभरावी ओळ कुठे पडली ते पाहा. ओळी इंग्रजी वर्णानुक्रमाने, आधी बाजाराच्या, मग मालाच्या आणि मग प्रतीच्या नावाने लावलेल्या होत्या. अथणी आली, बैलहोंगल आले, बेळगावचा कांदा आला, आणि बेळगावच्या बटाट्याची पहिली प्रत येताच शंभर भरले. बटाट्याच्या प्रती तीन: गोळी, मध्यम, मोठवड. वर्णानुक्रमात गोळी पहिली. एरवी फलक तिन्ही प्रतींची सरासरी काढून ‘बटाटा’ असा एकच भाव दाखवतो. त्याआधीच्या बुधवारी गोळी ९००, मध्यम १,७०० आणि मोठवड २,२०० रुपये क्विंटल होती, म्हणून फलकावर १,६०० दिसत होते. शनिवारी तिघांपैकी एकटी गोळी उरली आणि तिची सरासरी काढली गेली. एकटीची सरासरी ती स्वतःच. फलकावर झळकले: बटाटा ९००. भावात तसूभरही बदल नसताना चव्वेचाळीस टक्क्यांची घसरण छापून झाली.

काकांचा जवारी बटाटा त्या दिवशी पोत्यांत भरून तयार होता, पन्नास किलोची चाळीस पोती, म्हणजे वीस क्विंटल. ‘भाव पडलाय, यार्डात नेऊन गाडीभाडं तरी कशाला अंगावर घ्यायचं,’ असे म्हणून त्यांनी दारात आलेल्या व्यापाऱ्याला १,०५० ने माल मोजून दिला. व्यापाऱ्याच्या हातातही तोच फलक उघडा होता, पण त्याने यार्डात फोनही करून ठेवला असणार, असा माझा संशय आहे. असो.

दुसरी सूचना: भाव अचानक पडला तर ‘बाजार आहे, पडायचाच’ असे म्हणून सोडून द्यावे. हे तर मला खरोखर पटते, कारण बटाट्याचा भाव खरेच एका दिवसात पडू शकतो. नुसत्या भावावर कुंपण घातले तर खऱ्या पडझडीच्या दिवशीही फलक अडकून बसेल. म्हणून तर ओळी पाहायच्या असतात! आवक वाढून भाव खरा पडतो, तेव्हा गोळी, मध्यम, मोठवड या तिन्ही ओळी हजर असतात आणि बहुधा तिन्ही कमी-अधिक खाली येतात. येथे एकीचाही भाव हलला नव्हता, दोन ओळी नाहीशा झाल्या होत्या. गेल्या बाजारच्या दिवशी हजर असलेली बाजार-माल-प्रत अशी प्रत्येक ओळ आज आली आहे का, एवढा एक पट मांडला असता, तर बेळगावची मध्यम आणि मोठवड गैरहजर, आणि गडहिंग्लजपासून पुढचे सगळे बाजार पूर्णपणे गैरहजर, हे कळायला दोन सेकंद लागले नसते. पण हजेरी घेणे हे मास्तरांचे काम, आपले नव्हे.

तारीख मात्र नेहमी आजचीच छापावी, मग आत आलेला माल परवाचा का असेना.

आवकेचा रकाना रिकामा आला तर तेथे शून्य भरावे; शून्य नीटनेटके दिसते.

एकूण ओळींवर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी एक खास सूचना. एकूण बेरीज जुळली की डोळे मिटावेत, आत कोण आहे हे पाहू नये. आमच्या भागात या सूचनेला विशेष वाव आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बदलले. त्या वादात मी येथे शिरत नाही, तो आपणा सर्वांना पाठ आहे. आकड्यांपुरते सांगायचे तर ज्यांनी आपल्या गाळणीत ‘Belgaum’ असे लिहून ठेवले आहे आणि मूळ स्रोत एखाद्या सकाळी ‘Belagavi’ लिहू लागतो, त्यांच्याकडे राज्याच्या एकूण ओळी तेवढ्याच येतात आणि बेळगावच्या शून्य. उलट प्रकार खानापूरचा. खानापूर आमच्या जिल्ह्यात आहे आणि सांगली जिल्ह्यातही आहे. नुसत्या नावावर दोन याद्या जोडल्या की एकाच्या दोन ओळी होतात आणि संख्या वाढते. वाढ पाहून आपण आनंदित व्हावे. ओळी अचानक वाढणे हे कमी होण्याइतकेच वाईट लक्षण आहे, नावासोबत जिल्ह्याचा संकेतांकही जुळवून जोडले तर हे टळते, आणि मोजणी प्रत्येक बाजारासाठी वेगळी ठेवली तर दोन्ही प्रकार त्याच सकाळी पकडता येतात, हे सगळे आपल्याला सांगणारा मी कोण?

शेवटची सूचना तक्रार करणाऱ्यांविषयी. मी स्वतः अशाच आकड्यांचे काम करून पोट भरतो, म्हणून व्यवसायबंधू या नात्याने फलकवाल्यांना फोन केला. उत्तर आले, ‘साहेब, डेटा वरूनच तसा आला हो.’ हे वाक्य पाठ करून ठेवावे. ते कुठल्याही प्रश्नाला चालते.

वरून तसा आला! वरून तसा आलेला नव्हता. वर ३४० च्या आसपास ओळी होत्या, मी त्याच सकाळी पाने उलटून मोजल्या. तुम्ही शंभर आणल्या आणि उरलेल्या जगात नाहीतच असे धरून चाललात. दळणाचे धान्य देखील बाई पाखडल्याशिवाय गिरणीत देत नाही, आणि तुम्ही शेतकऱ्याने ज्यावर माल विकायचा ते आकडे पोते उघडून न बघता पुढे ढकलता.

करायचे किती होते? गेल्या चार शनिवारांच्या ओळींचा मध्यक ३४० येतो. सरासरी नव्हे, मध्यक, कारण एखादा बिघडलेला दिवस सरासरीला ओढून नेतो. शनिवारची तुलना शनिवारशीच करायची, शुक्रवारशी नाही, कारण आमच्या बाजारात शुक्रवार निम्माही भरत नाही. तुमचा आकडा एरवी तीन-चार टक्क्यांनी हलतो, म्हणजे सत्तर टक्क्यांच्या खाली, २३८ ओळींहून कमी आल्या तर छापू नये, हा नियम भरपूर ढिला आहे. तुमच्या शंभर ओळी एकोणतीस टक्के होत्या. याहून ढिले कुंपण घातले असते तरी अडला असतात. सणाच्या किंवा मुसळधार पावसाच्या दिवशी ओळी खरेच कमी येतील आणि फलक उगाच अडेल, हे मला मान्य आहे. अशा दिवशी एका माणसाने यार्डात फोन करावा, खात्री झाली की हाताने सोडावे आणि कोणी सोडले ते लिहून ठेवावे. रोजच अडू लागला तर लोक न बघता सोडू लागतात, म्हणून कुंपण प्रत्येक बाजाराच्या जुन्या चढउतारावर बेतावे लागते. हे एका दुपारचे काम आहे.

आणि अडल्यावर काय दाखवायचे, तर बुधवारचा भाव दाखवायचा, वर ‘बुधवारचा भाव, आजचा अद्याप आलेला नाही’ असे ठळक लिहून. नवी माहिती आधी बाजूला उतरवून घ्यायची, तपासायची, आणि उत्तीर्ण झाली तरच जुनीच्या जागी एका झटक्यात बसवायची. तुम्ही तर ओळ येईल तशी थेट फलकावर चढवत होतात, म्हणून जुना चांगला भाव पुसला गेला आणि परतायला जागाच राहिली नाही. बुधवारचा भाव वाचून काका यार्डात गेले असते. शिळी भाकरी खाऊन माणूस जगतो हो, खोटी भाकरी खाऊन नाही.

काकांचे अकरा हजार परत मागण्याइतका मी खुळा नाही. पण तुमच्या जुन्या भावांच्या यादीत तो शनिवार अजून तसाच उभा आहे: ओळी १००, बटाटा ९००. महिना झाला. वर्षाची सरासरी काढायला कोणी बसले की तो आकडा त्यात शिरणार, आणि उद्या शहाणे होऊन तुम्ही शनिवारांची तुलना सुरू केलीत तर तुमची पहिली चौकडी त्याच्यासकट भरणार. तो दिवस आज काढा, मूळ ठिकाणाहून चारही पाने पुन्हा आणा, आणि त्या जागी ‘दुरुस्त’ असे लिहा.