केक का बसला हे कापावर दिसतं, ओव्हनच्या दारावर नाही

"केक मध्ये खाली बसला म्हणजे तुम्ही ओव्हन मधेच उघडला. वर तडा गेला म्हणजे बेकिंग पावडर जास्त झाली. आतून घट्ट झाला म्हणजे पावडर कमी पडली, पुढच्या वेळी दुप्पट घाला. केकचा वरून फोटो पाठवा, कारण लगेच कळेल."

बिघडलेल्या केकबद्दल असा एक मेसेज फिरतोय. त्याच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण बाकीच्या चुका तिथूनच येतात. वरून काढलेल्या फोटोत फक्त खड्डा दिसतो, आणि चार वेगवेगळ्या कारणांनी पडलेला खड्डा वरून अगदी सारखाच दिसतो. केक पूर्ण गार झाल्यावर बरोबर मधोमध उभा कापा, आणि खिडकीजवळ बाजूने उजेड येईल असा धरून त्या कापाचा फोटो काढा, तळ, कड, वरची साल सगळं एका फोटोत आलं पाहिजे. गरम असताना कापलात तर चांगला भाजलेला केकही सुरीला चिकटतो नि गिच्च दिसतो, त्यावरून काही ठरवू नका. ट्यूबलाईटखाली रंगही फसवतो.

आता खड्ड्याचं. गेल्या जुलैत वेंगुर्ल्याच्या माझ्या मावसबहिणीने आंब्याचा केक केला, डब्यातला हापूसचा रस घालून, आणि तो मध्ये दोन बोटं खाली गेला. हा मेसेज वाचून ती स्वतःलाच बोल लावत बसली होती की मी विसाव्या मिनिटाला दार उघडून बघितलं म्हणून झालं. मी म्हटलं काप आणि फोटो पाठव. कापात कडेची जाळी बारीक, एकसारखी, सुंदर होती, पण मध्यभागी खड्ड्याच्या खालीच एक गडद, ओलसर, जरा काचेसारखा दिसणारा पट्टा होता, वाटीच्या आकाराचा, आणि त्या पट्ट्यात जाळी जवळजवळ नव्हतीच. कडेची साल मात्र चांगली तपकिरी आणि जाड.

हे चित्र कच्चं राहिल्याचं आहे. कड भाजून झाली, मध्य उभा राहण्याआधीच केक बाहेर आला, आत अडकलेली वाफ आणि हवा गार होऊन आकसली आणि पीठ पुरेसं घट्ट झालेलं नसल्याने ते तसंच खाली आलं. मी विचारलं भांडं कुठलं, तर ६ इंची, आणि रेसिपी होती ८ इंची भांड्याची, १८० डिग्रीला ३५ मिनिटं. ८ इंची गोल भांड्याचा तळ साधारण ५० चौरस इंच, ६ इंचीचा जेमतेम २८, म्हणजे तेवढंच पीठ जवळपास पावणेदोन पट उंच उभं राहिलं, आणि वेळ मात्र तिने तोच ठेवला! वर डब्यातला रस गोड केलेला, आणि साखर रेसिपीप्रमाणे पूर्ण. साखर जास्त झाली की मैद्यातला स्टार्च आणि अंडं दोन्ही उशिरा घट्ट होतात, शिवाय साल लवकर काळपट होते, त्यामुळे वरून बघणाऱ्याला वाटतं झालाच केक.

मी तिला एकच गोष्ट बदलायला सांगितली, भांडं. रस तोच, साखर तीच, ८ इंची भांडं, आणि विसाव्या मिनिटाला दार मुद्दाम उघडायला लावलं. केक सपाट आला. भांडंही बदललं असतं आणि दारही बंद ठेवलं असतं तर कशामुळे सुधारला ते कळलंच नसतं.

दाराचा दोष कधीच नसतो असं मी म्हणत नाही. पहिल्या अर्ध्या वेळात, पीठ अजून डुचमळतंय तेव्हा ओव्हन गार झाला तर केक बसतो, पण क्षणभर उघडून बंद केलेल्या दारापेक्षा आपल्याकडे पावसात जाणारी लाईट जास्त घातक आहे, दहाव्या मिनिटाला गेली आणि अर्ध्या तासाने आली की तो केक वाचत नाही. तसा प्रकार असेल तर ओला पट्टा फक्त मध्यात नसतो, कडेपर्यंत पसरलेला दिसतो, आणि सालही फिकट राहते.

आणि पावडर जास्त झाल्याचा खड्डा? तो वेगळा दिसतो. उथळ, पसरट ताटलीसारखा, कापात मोठी मोठी वेडीवाकडी भोकं, जाळी भरड आणि हात लावताच भुगा होणारी, आणि मुख्य म्हणजे ओला पट्टा नसतो. पीठ फुगायचं तेवढं फुगतं, भिंती ताणून पातळ होतात, फुटतात आणि केक खाली येतो. सोडा जास्त असेल तर रंग अपेक्षेपेक्षा गडद आणि जिभेवर साबणासारखी चव. ती चव फोटोत येत नाही म्हणून मी नेहमी विचारते.

तड्याबद्दल थोडक्यात, कारण तिथे गुंता कमी आहे. ओव्हन जास्त गरम, किंवा भांडं वरच्या कांबीजवळ, की साल आधी घट्ट होते, आतलं पीठ उशिरा फुगतं आणि सालीला फाडून वर येतं. कापात मध्य टेकडीसारखा उंच, कड जाड आणि काळपट, मग कारण उष्णता, पावडर नाही. तापमान २० डिग्रीने कमी करा, भांडं मधल्या जाळीवर ठेवा, वेळ थोडा वाढेल. लांबट ब्रेडच्या भांड्यातल्या केकला वर तडा जातोच, तो दोष नाही.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र "दुप्पट घाला" ने होतं. घट्ट केक पावडर कमी पडल्याने होऊ शकतो, मान्य, पण तेव्हा कापात बारीक, दाबलेली भोकं तळापासून वरपर्यंत सारखी दिसतात, केक सगळीकडूनच बुटका आणि वरून सपाट असतो. आणि आपल्या किनाऱ्यावर तेव्हाही बऱ्याचदा प्रमाण बरोबरच असतं, पावडर मेलेली असते. जून ते सप्टेंबर उघड्या पाकिटातली पावडर हवेतला ओलावा ओढून घेते आणि डब्यातच थोडी थोडी संपत जाते. पाव कप गरम पाण्यात अर्धा चमचा टाका, जोरात फसफसली तर जिवंत, नुसतीच बुडाली तर फेकून द्या. मेलेली पावडर दुप्पट घालून कडूपणा वाढतो, आणि पुढच्या महिन्यात नवं पाकीट आणून तेच दुप्पट प्रमाण घातलंत तर वर सांगितलेला ताटलीसारखा खड्डा मिळेल. एक कप मैद्याला सपाट एक ते सव्वा चमचा पावडर पुरते.

कापात उभे बोगदे दिसले, वर जाणारे, आणि तुकडा रबरासारखा ताणला गेला, तर मैदा घातल्यावर फार घोटलंय. तळाशी एक जड, तेलकट थर आणि वर बरा केक असेल तर बटरकडे बघा. मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात बटर बाहेर ठेवलं की अर्ध्या तासात पातळ होतं, आणि वितळलेल्या बटरमध्ये साखर कितीही फेटा, हवा धरली जात नाही. बोटाने दाबलं की खळगा पडतो पण बोट तेलकट होत नाही, एवढंच मऊ हवं. मी मे मध्ये बटर फ्रीजमधून काढून तुकडे करते आणि दहाच मिनिटांत फेटायला घेते.

फोटो पाठवाल तेव्हा सोबत एवढं लिहा: भांड्याचा आकार, किती डिग्री, किती मिनिटं, पावडर-सोडा किती आणि पाकीट कधी फोडलेलं. ओला पट्टा आणि भरड जाळी दोन्ही एकाच कापात असतील तर नुसत्या फोटोवरून मीही सांगू शकत नाही, मग आधी भाजण्याचा वेळ वाढवून बघायचा, पावडरला नंतर हात लावायचा.