दहा भाग पुरतात म्हणे!

> "🔥 न्यूमेरिकलच्या पेपरसाठी शॉर्टकट! १) सिम्पसन कायम ट्रॅपेझॉइडलपेक्षा भारी, दुसरं वापरूच नका. २) n = 10 घेतला की कुठल्याही इंटिग्रलचं उत्तर चार दशांशांपर्यंत बरोबर. एररचं सूत्र, चौथं डेरिव्हेटिव्ह हे फक्त मार्कांसाठी. ३) खात्री हवी तर n दुप्पट करा, एरर निम्मा होतो. ४) सिम्पसन पॅराबोलापर्यंतच अचूक. सगळ्या ग्रुपवर पाठवा 🙏"

हे मी आधी दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा सोडून दिलं होतं. परवा मात्र ते धुळ्याहून माझ्या भाच्यानेच पाठवलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खाली एवढंच लिहिलं होतं, "मामा, हाई खरं शे का? परवा पेपर शे." बहिणीचा मुलगा परीक्षेत दहा भाग घेऊन येणार म्हटल्यावर गप्प बसवेना.

सिम्पसन आणि ट्रॅपेझॉइडल हे इंटरव्हलचे n सारखे भाग करून इंटिग्रलची अंदाजे किंमत काढायचे दोन नियम. मजकुरातला सगळ्यात घातक दुसरा मुद्दा आहे, म्हणून आधी तोच घेतो. फार अवघड काही लागत नाही. 1/x हे फंक्शन घ्या आणि १ ते २ मध्ये इंटिग्रेट करा. खरं उत्तर ln 2, म्हणजे ०.६९३१४७. सिम्पसनने दहा भाग करून ०.६९३१५० येतं. झकास. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा हेच एक उदाहरण करून पाहिलं असावं आणि लगेच नियम ठोकून दिला असावा.

आता फंक्शन तेच ठेवा, फक्त मर्यादा १ ते ११ करा. खरं उत्तर ln 11, म्हणजे २.३९७९. दहा भागांनी सिम्पसन काय देतो? दर भागाची रुंदी १, तेव्हा हिशेब हाताने होतो: १, १/२, १/३ असं १/११ पर्यंत लिहायचं, मधल्यांना आलटून पालटून ४ आणि २ ने गुणायचं, बेरीज करून ३ ने भागायचं. उत्तर येतं २.४१०७. चार दशांश राहू द्या, दुसराच दशांश चुकला. फंक्शनमध्ये काहीही बदललं नाही, इंटरव्हल तेवढा लांबला.

हे आधीच कळावं म्हणून तर ते सूत्र आहे, जे म्हणे फक्त मार्कांसाठी. एस. एस. शास्त्रींचं न्यूमेरिकल ॲनालिसिसचं पुस्तक आपल्याकडच्या बहुतेक कॉलेज लायब्ररीत असतं. त्यात दोन्ही नियमांचा एरर एका भागाची रुंदी h धरून दिला आहे. h च्या जागी (b−a)/n घातलं की हे मिळतं:

```
ट्रॅपेझॉइडल:  |E| <= (b-a)^3 * M2 / (12 * n^2)
सिम्पसन:      |E| <= (b-a)^5 * M4 / (180 * n^4)
```

M2 म्हणजे त्या इंटरव्हलमध्ये दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची मोठ्यात मोठी किंमत, चिन्ह सोडून. M4 म्हणजे चौथ्याची. वर (b−a) चा पाचवा घात बसलाय तो पाहा. इंटरव्हल दहापट झाला की M4 तोच राहिला तरी हमीची मर्यादा एक लाख पट फुगते. दहा भागांची जादू कुठे गेली ते इथेच दिसतं.

किती भाग लागतील हे काढायची रीत अशी. चार दशांश बरोबर हवेत म्हणजे एरर ०.००००५ च्या आत हवा. 1/x चं दुसरं डेरिव्हेटिव्ह 2/x³, चौथं 24/x⁵. दोन्ही x वाढला की घटतात, म्हणून मोठी किंमत डाव्या टोकाला, x = 1 वर: M2 = 2, M4 = 24. आधी १ ते २ घेऊ. ट्रॅपेझॉइडलला 2/(12n²) ≤ 0.00005 हवं. यातून n किमान ५७.७ येतो, म्हणून ५८ भाग. सिम्पसनला 24/(180n⁴) ≤ 0.00005 हवं. n किमान ७.१९, म्हणून ८.

इथे पोरं दोन चुका करतात. ७.१९ चे ७ करतात, कारण शाळेपासून तशी सवय असते. n नेहमी वरच्या बाजूला न्यायचा, नाहीतर हमी जाते. दुसरी चूक, सिम्पसनला n सम लागतो हे विसरतात. उत्तर ८.३ आलं तर ९ नाही, १० घ्यायचे. आमच्या भाच्याने मागच्या चाचणीत नेमके विषम भाग घेतले होते आणि शेवटच्या भागाचं काय करायचं म्हणून तो सोडूनच दिला होता. हे सांगितल्याबद्दल तो माझ्यावर चिडेल, चिडू दे.

तोच हिशेब १ ते ११ साठी केला तर सिम्पसनला n ≥ १२७.७९ येतो, म्हणजे १२८ भाग. कुठे १० आणि कुठे १२८. अर्थात सूत्र हमी देतं, नेमका एरर सांगत नाही. इथे चौथ्या डेरिव्हेटिव्हची किंमत फक्त डाव्या टोकाला २४ आहे, ११ जवळ ती जवळपास शून्य होते, पण सूत्र सगळीकडे २४ धरून चालतं. प्रत्यक्षात पन्नास-बावन्न भागांतच काम होतं. १२८ घेतले तर थोडी मेहनत वाया जाईल, उत्तर चुकणार नाही.

आता याहून वाईट प्रकार, आणि तो भाच्याच्याच विषयातला आहे. पांझरेच्या काठी फडाचे बंधारे ज्यांनी पाहिलेत त्यांना पाटाच्या तोंडावरून पडणारं पाणी डोळ्यांसमोर येईल. असं समजा की आयताकृती नॉच, म्हणजे पाणी जायची खाच, आहे, एक मीटर रुंद, आणि त्यावरून एक मीटर जाडीचं पाणी जातंय. पृष्ठभागापासून h खोलीवर पाण्याचा वेग √(2gh) धरतात आणि ० ते १ इंटिग्रेट करून विसर्ग काढतात. √h चं इंटिग्रल २/३, म्हणून पुस्तकी विसर्ग सेकंदाला २.९५३ घनमीटर. सिम्पसनने दहा भाग करा: २/३ ऐवजी ०.६६४१ येतं, विसर्ग २.९४२. फरक सेकंदाला अकरा लिटरच्या वर, म्हणजे तासाला दहा हजार लिटरचे चार टँकर. (प्रत्यक्ष नॉचला डिस्चार्ज कोइफिशंट लागतो आणि त्याची अनिश्चितता याहून मोठी असते, हे मान्य. पण ती पाण्याची चूक झाली, ही गणिताची.)

सूत्राकडे गेलात तर कारण लगेच सापडतं. √h चं चौथं डेरिव्हेटिव्ह शून्याजवळ अनंताकडे जातं, म्हणजे M4 अस्तित्वातच नाही. हमी देता येत नाही, असं सूत्र स्वतःच सांगतंय. जो सूत्र बघणारच नाही त्याला ते ऐकू कसं येणार? भाग वाढवत राहिलात तर चूक कमी होते, पण फार सावकाश: २ भागांना ०.०२८६, ४ ला ०.०१०१, ८ ला ०.००३६. दर दुपटीला साधारण २.८३ पट. एरर ०.०००००१ इतका खाली आणायचा तर एकोणीसशेच्या आसपास भाग लागतील.

किंवा एक ओळ लिहा: h = t². √h dh चं 2t² dt होतं, आणि तेच इंटिग्रल सिम्पसन २ भागांत अगदी अचूक देतो. कुठे एकोणीसशे आणि कुठे दोन. पण त्यासाठी आधी फंक्शन टोकाला कसं वागतं ते बघावं लागतं.

तिसऱ्या मुद्द्यात, नाइलाजाने कबूल करतो, अर्धी गोष्ट बरोबर आहे. n दुप्पट करून पाहणं ही चांगली सवय आहे, आणि डेरिव्हेटिव्ह काढणं जमत नसेल तेव्हा तोच आधार असतो. पण एरर निम्मा होत नाही. ट्रॅपेझॉइडलमध्ये n² खाली आहे म्हणून तो चौथाई होतो, सिम्पसनमध्ये n⁴ म्हणून सोळावा हिस्सा. ln 2 लाच ट्रॅपेझॉइडल ५ भागांनी ०.६९५६३५ देतो, १० भागांनी ०.६९३७७१. चुका ०.००२४८८ आणि ०.०००६२४, जवळजवळ बरोबर चौपट. म्हणून दोन उत्तरांतल्या फरकाला ३ ने भागलं की दुसऱ्या उत्तरातल्या चुकीचा अंदाज मिळतो. इथे फरक ०.००१८६४, तिसरा हिस्सा ०.०००६२१, खरी चूक ०.०००६२४. सिम्पसनमध्ये ३ ऐवजी १५ ने भागायचं. "निम्मा" धरून बसलात तर हा अंदाजच चुकतो.

आणि दुप्पट एकदाच करू नका, दोनदा करा. n, 2n, 4n अशी तीन उत्तरं काढा आणि लागोपाठच्या दोन फरकांचं गुणोत्तर बघा. सिम्पसनला ते सोळाच्या जवळ आलं तर १५ ने भागायला हरकत नाही. नॉचसारखं २.८ आलं तर फंक्शन कुठेतरी बिनसलंय, वर जाऊन ते शोधा.

पहिल्या मुद्द्यावर जास्त वेळ घालवत नाही. गुळगुळीत फंक्शनला, सारख्याच भागांत, सिम्पसन बहुतेक वेळा पुढे असतो हे खरं. पण "कायम" म्हणणाऱ्याने sin²x घ्यावं, ० ते २π, भाग चार. मोटारपंपाचा आरएमएस करंट काढताना हेच इंटिग्रल येतं. किमती ०, १, ०, १, ०. ट्रॅपेझॉइडल π देतो, अगदी अचूक. सिम्पसन 4π/3 देतो, तेहतीस टक्के जास्त. पूर्ण आवर्तनावर ट्रॅपेझॉइडलमध्ये चुका एकमेकांना खातात. सिम्पसन एका किमतीला ४ आणि शेजारच्या किमतीला २ असं वजन देऊन ते जुळलेलं बिघडवतो.

चौथा मुद्दा तर करून पाहायलाही अर्धं मिनिट लागत नाही. x³, ० ते १, दोन भाग: (० + ४ × १/८ + १) ÷ ६ = १/४. बरोबर आलं ना? सूत्रात चौथं डेरिव्हेटिव्ह आहे, आणि x³ चं ते शून्य असतं.

भाच्याला हे सगळं पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "मामा, मंग n = 8 लिखू का 10?" लिहिलं, "आधी मर्यादा वाच."