बाई तोंडी सांगते तेव्हा सुपरवायझरनं पहिल्या तासात काय करायचं

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत युनिफॉर्म शिवणाऱ्या एका युनिटमधे कामावरच्या लैंगिक छळाच्या तक्रारीबद्दल सुपरवायझर लोकांशी थोडा वेळ बोलले, तेच इथं लिहितेय, कारण "आधी लेखी दे, मग बघू" हे अजून सगळीकडं चालूच आहे आणि मला त्याचा राग येतो. अशा छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात तक्रार लेखी लागते हे खरं, पण बाईला लिहून देणं जमत नसेल तर या तक्रारी बघणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीनं तिला मदत करायची हे पण त्याच कायद्यात आहे.

समजा दुपारी तीनला काज-बटणवरची बाई येऊन सांगते, चेकिंगचा मास्तर माल द्यायला येतो तेव्हा मुद्दाम हात लावतो, आज कमरेला धरलं. सुपरवायझर लगेच ओरडतो "ए मास्तर, इकडं ये जरा", त्याला वाटतं समोरासमोर मिटेल. तिथंच सगळं बिघडतं. मास्तर सावध होतो, मोबाईलमधले मेसेज उडवतो, शेजारच्या मशीनवाल्यांना गप्प करतो आणि बाई चार लोकांत म्हणते "काही नाही, जाऊ द्या."

त्यापेक्षा तिला बाजूला बसवा, बोलणं बाहेर ऐकू जाणार नाही अशा जागी, आणि एखादी मैत्रीण सोबत हवी का विचारा. काय झालं, कुठं, किती वाजता, जवळ कोण होतं, बास एवढंच. "आधी का नाही बोललीस" हे तर अजिबात नको. ती बोलेल तसंच वहीत लिहा, तेलुगूत बोलली तर तेलुगूतले शब्द तसेच, नुसतं "गैरवर्तन" लिहिलं की कमरेला धरलं ही गोष्टच कागदावरनं जाते. वाचून दाखवा, तारीख-वेळ टाका. कुणालाच सांगणार नाही असा शब्द देऊ नका, तो पाळता येत नाही. समितीला सांगणार, मशीनवर कुणाला नाही, असं सांगा.

आता पुढची शिफ्ट. तिला "आज घरी जा" म्हणणं चांगलं वाटतं पण ती पीसवर काम करते हो, तिची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि उद्या दुसरी कुणी तोंड उघडणार नाही! तिला स्वतःला जायचं असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर मास्तरलाच दुसऱ्या खात्यात कामाला लावा, कारण न सांगता, आणि तो दोषी असं पण न ठरवता. ऑफिसला सांगून आजचं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग काढून ठेवा, जुन्यावर नवीन चढतं.

मग त्याच तासात अंतर्गत समितीच्या अध्यक्ष मॅडमना फोन. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकावरच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. समझोता करायला तुम्ही बसायचंच नाही, तो फक्त बाईनं मागितला तर समिती करते, आणि पैशावर तर नाहीच. आणि "सीझन संपू दे, मग बघू" पण नको, लेखी तक्रारीला घटनेपासून तीन महिने असतात, कारण पटलं तर समिती अजून तीन वाढवते, आणि शाळांच्या सीझनमधे ते कधी निघून जातात कळत पण नाही.