थीसिसच्या आभारपानावर पेशंट सगळ्यात शेवटी का?

एमडी-एमएसच्या थीसिसमधलं अॅक्नॉलेजमेंटचं पान बहुतेक रेसिडेंट शेवटच्या रात्री लिहितात. बाइंडिंगवाला थांबलेला असतो, मग सिनियरची फाइल उघडून नावं बदलली जातात. त्यामुळे पुरुषांच्या हर्नियावरच्या थीसिसमध्ये 'सर्व मातांचे आभार' तसेच राहून जातात. हसू येतं, पण परीक्षक पहिली पानं चाळतातच, त्यांच्याही नजरेत हे येतं.

या पानावर सगळ्यात कच्चा परिच्छेद असतो तो पेशंटचा. देव, डीन, एचओडी, गाइड, स्टॅटिस्टिशियन, बॅचमेट, आई-वडील असं सगळं झाल्यावर 'सहकार्याबद्दल सर्व रुग्णांचे आभार' एवढी एक ओळ. माझ्या मते हा परिच्छेद सगळ्यात आधी लिहावा आणि पानावर तो गाइड-एचओडीच्या लगेच खाली यावा.

एक उदाहरण घेऊ. विषय आहे ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकांच्या विषबाधेत रक्तातल्या कोलिनेस्टरेज या एन्झाइमच्या पातळीवरून पुढचा अंदाज येतो का. आपल्याकडे द्राक्षबागा आणि फवारण्या भरपूर, त्यामुळे हा विषय नेहमी निघतो. आता असा पेशंट कॅज्युअल्टीत येतो तेव्हा तोंडाला फेस असतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, अनेकदा शुद्धही नसते. अॅट्रोपिन सुरू होतं, कुणी व्हेंटिलेटरवर जातो. त्याने 'सहकार्य' केलं म्हणजे नक्की काय केलं? सही केली ती बायकोने, नाहीतर भावाने, तीही आयसीयूच्या दाराबाहेर उभं राहून. पेशंट शुद्धीवर आल्यावर त्याला पुन्हा विचारायचं असतं, आणि काही जण शुद्धीवर येतच नाहीत. म्हणून आभारात संमती देणाऱ्या नातेवाइकांचा वेगळा उल्लेख हवा.

दुसरं म्हणजे ओळख. भावनेच्या भरात 'तासगाव तालुक्यातील अमुक गावच्या शेतकरी बांधवांचे' असं लिहिलं जातं. ही विषबाधा पुष्कळदा स्वतःहून घेतलेल्या कीटकनाशकाची असते. थीसिस कॉलेजच्या लायब्ररीत राहते, कधी ऑनलाइनही जाते. गाव, व्यवसाय आणि दाखल झाल्याचा महिना एकत्र आले की त्या गावातला कुणीही माणूस पेशंट ओळखेल. संमतीपत्रात ओळख गुप्त ठेवायचं वचन दिलेलं असतं, ते आभार मानतानाही मोडायचं नाही. नाव, आद्याक्षरं, गाव, फोटो यातलं काहीच नको.

मग लिहायचं काय? थीसिस इंग्रजीत असली तरी आशय साधारण असा ठेवावा: 'या अभ्यासात सहभागी झालेल्या सर्व रुग्णांचा आणि ते शुद्धीवर नसताना संमती देणाऱ्या त्यांच्या नातेवाइकांचा मी ऋणी आहे. नेहमीच्या उपचारांना लागत नसलेला रक्ताचा जादा नमुनाही त्यांनी घेऊ दिला. यांपैकी काही रुग्ण वाचू शकले नाहीत. त्यांच्या कुटुंबीयांचा मी विशेष आभारी आहे.' बस्स. जादा नमुना घेतलाच नसेल तर ते वाक्य काढा आणि जे खरंच मागितलं होतं तेच लिहा, फॉलो-अपला पुन्हा येणं किंवा लांबलचक प्रश्नावली भरणं. 'रुग्ण हेच आमचे खरे ग्रंथ' हे वाक्य मात्र कृपा करून नको. आयसीयूत माणूस गमावलेल्या घरच्यांनी ते वाचलं तर त्यांना काय वाटेल?

गाइडबद्दल लिहिताना विशेषणांपेक्षा कामं सांगा. 'अमूल्य मार्गदर्शन' सगळेच लिहितात. 'प्रोटोकॉलमधले निकष दोनदा नव्याने मांडून घेतले' हे एकाच गाइडला लागू पडतं. स्टॅटिस्टिशियनने सॅम्पल साइज काढली की शेवटचं विश्लेषणही केलं, हे स्पष्ट असावं. आयसीयूच्या सिस्टर आणि नमुने सांभाळणारे लॅब टेक्निशियन यांची नावं हमखास राहतात. नाव घालण्याआधी प्रत्येकाला विचारा, कारण नाव छापलं की निष्कर्षाला त्यांचा पाठिंबा आहे असं वाचणारा धरतो. एखाद्या कंपनीने किट फुकट दिले असतील तर आभार मानून मोकळं होता येत नाही, आर्थिक साहाय्याच्या निवेदनात ते नोंदवावंच लागतं. एथिक्स कमिटीचा मंजुरी क्रमांक मात्र मेथड्समध्ये, इथे नाही.

हुद्दे तपासा. सिनॉप्सिसच्या वेळचे असोसिएट प्रोफेसर सबमिशनपर्यंत प्रोफेसर झालेले असतात, आणि सर्टिफिकेटच्या पानावर एक हुद्दा नि आभारात दुसरा असं होतं. परीक्षकांना नाव न कळता थीसिस तपासायची पद्धत असेल, तर त्या प्रतीत हे पान ठेवायचं की नाही ते विद्यापीठाच्या परिपत्रकात बघून घ्या.

घरच्यांसाठी दोन-तीन ओळी पुष्कळ. नवऱ्याने किंवा बायकोने ड्युट्यांच्या काळात घर सांभाळलं, सासूबाईंनी लेकरू बघितलं, हे सरळ लिहावं. वडिलांचं आजारपण, घरावरचं कर्ज असल्या गोष्टी टाळाव्यात, कारण त्या छापायला त्यांची परवानगी कुणीच घेतलेली नसते.