दरबारीचा गंधार द्रुतात कुठे जातो?

प्रतिक्रिया: "लेख वाचला, पटला नाही. राग म्हणजे स्वर आणि चलन. ते तेच राहिले तर लय वाढवल्याने रागात काय फरक पडणार? द्रुत म्हणजे तोच राग वेगाने, वर तानांची कसरत. 'लय बदलली की रागाची मांडणी बदलते' हे उगाच गूढ करून सांगणं झालं."

उत्तर:

गूढ बाजूला ठेवू आणि एकच स्वर घेऊ, दरबारी कानडा रागाचा कोमल गंधार.

हा गंधार नुसता लावून भागत नाही. मध्यमाला टेकून, खाली रिषभाकडे झुकत तो संथ हलतो, म्हणजे आंदोलित असतो. हे आंदोलन नीट व्हायला दोनतीन सेकंद तरी लागतात. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या एकतालात मात्रा साधारण 4 सेकंदांची धरली, तर 12 मात्रांचं आवर्तन पाऊण मिनिटाचं होतं. तिथे एका मात्रेत गंधार ऐसपैस झुलतो, पुढे 'म रे सा' घेऊन षड्जावर येतो, आणि समेला, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, अजून बराच अवकाश असतो.

आता द्रुत तीनताल घ्या, सेकंदाला 4 मात्रा. 16 मात्रांचं आख्खं आवर्तन 4 सेकंदांत संपतं. म्हणजे विलंबिताच्या एका मात्रेत द्रुताचं एक आवर्तन! तोच गंधार तसाच झुलवला तर अर्ध्याहून जास्त आवर्तन तो एकटाच खाणार आणि बंदिशीचे शब्द वाटेत अडकणार. तुमच्या म्हणण्याप्रमाणे आंदोलनच वेगानं केलं तर? मग ते आंदोलन उरत नाही, स्वर थरथरतो किंवा त्याची गमक होते. नवशिक्या गायकांच्या द्रुतात हे हमखास ऐकू येतं.

म्हणून जाणता गायक द्रुतात गंधारावरचा भार काढून घेतो आणि वक्र चलनावर टाकतो. 'ग म रे सा' ही कानड्याची खूण आणि 'नी प' ही संगती, या दोन जागा राग सांभाळतात. गंधार मध्यमाचा कण घेऊन येतो, पण रेंगाळत नाही. तानेत तर पुष्कळदा गंधार-धैवत दोन्ही गाळून 'सा नी प म रे सा' असं सारंग रागाच्या अंगानं उतरतात आणि शेवटी 'ग म रे सा'ची मोहर उठवतात. विलंबितात जो स्वर रागाचा प्राण होता, तो तानेत वगळूनही राग टिकतो. आता मला सांगा, हा नुसता वेगाचा फरक आहे का? चलन तेच आहे हे तुमचं म्हणणं खरंच आहे. पण त्यातलं काय पुढे आणायचं आणि काय मागे ठेवायचं, हे लय ठरवते.

यात धोका अडाणा रागाचा. दरबारी आणि अडाणा, दोघांतही ग, ध, नी कोमल. दरबारी मंद्र-मध्य सप्तकात रमणारा, अडाणा तार षड्जाकडे झेपावणारा आणि स्वभावानं चपळ. द्रुतात गंधाराचं आंदोलन गेलं आणि वर मुखडाही 'म प नी सां' करत तार षड्जावर जाऊन बसू लागला, की समजावं गाडी अडाण्याच्या रुळावर गेली. त्यामुळेच दरबारीच्या द्रुत बंदिशीत सम कुठे पडते ते मी आधी बघतो. ती मध्य सप्तकात खाली पडत असेल तर अर्धं काम बंदिशीनंच केलेलं असतं. लय बेताची ठेवली तर आणखी सोपं.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूनं सांगतो. हा फरक सगळीकडे एवढा ठळक नसतो. दुर्गा किंवा हंसध्वनीत असा लयीवर अवलंबून असलेला स्वर नाही, तिथे राग पुष्कळसा जसाच्या तसा द्रुतात येतो. शिवाय विलंबित किती विलंबित, हेही घराण्यावर आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणलेल्या ग्वाल्हेर गायकीत विलंबित ख्याल, मग तो तिलवाडा तालातला का असेना, इतका संथ नसतो; बंदिशीचे शब्द सलग ऐकू येतात. किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँनी आणि पुढे झुमरा तालात गाणाऱ्या अमीर खाँनी लय फारच खाली नेली. त्या गायकीत विलंबितातला बडा ख्याल आणि द्रुतातला छोटा ख्याल यांच्यातलं अंतर खूप वाढलं. तुमच्या कानावर ग्वाल्हेर जास्त असेल, तर दोन्ही लयींतला राग एकच वाटणं साहजिक आहे.

कसरतीचा आरोप काही मैफलींपुरता मान्य. पण एक प्रघात बघा. विलंबितात दरबारी गाऊन झाल्यावर काही गायक द्रुतासाठी दरबारीतच न राहता सरळ अडाण्याची बंदिश उचलतात. नुसती लय वाढवून काम भागत असतं, तर त्यांना राग बदलायची गरज का पडली असती?